घोस्ट मॅनिकिन व फ्लॅट-ले (अंगावरच्या फोटोवरून)

कपडा घातलेल्या व्यक्तीच्या फोटोतून व्यक्ती वगळून नुसत्या कपड्याचे विक्रीयोग्य चित्र बनवण्याची प्रक्रिया. घोस्ट मॅनिकिन प्रकारात कपडा न दिसणाऱ्या अंगावर चढवल्यासारखा भरीव दिसतो आणि गळ्यातून मागच्या भागाची आतली बाजू डोकावते. फ्लॅट-ले प्रकारात तो टेबलावर सपाट पसरून वरून टिपल्यासारखा दिसतो. स्टुडिओत घोस्ट मॅनिकिनसाठी कपड्याचे दोन फोटो घेऊन जोडतात, एक पुतळ्यावरचा आणि एक गळ्याच्या आतल्या बाजूचा. छोट्या विक्रेत्याजवळ मात्र बऱ्याचदा मॉडेलचा एकच फोटो असतो आणि कपड्याचा बराच भाग त्यात आलेलाच नसतो.

उदाहरणादाखल ४० इंच छातीची, गोल गळ्याची, पुढे छोटी बटणपट्टी असलेली बुट्ट्यांची सुती कुर्ती घेऊ. मॉडेलचे केस एका खांद्यावर आले आहेत आणि एक हात कमरेवर आहे. फोटोशॉपमध्ये पेन टूलने कुर्तीची कड आखून तिचा मास्क करतात. त्यामुळे चेहरा, केस, हात आणि पार्श्वभूमी लपते, आणि केस व हात होते तिथे भोके उरतात. खांद्याचे भोक दुसऱ्या खांद्याचा तुकडा आरशासारखा उलटवून बुजवता येते. बटणपट्टीला मात्र ही युक्ती चालत नाही. पट्टी उलटली की वरची बाजू बदलते आणि बायकांची कुर्ती पुरुषांच्या शर्टासारखी बंद होऊ लागते. बुट्टा एकाच दिशेला झुकणारा असेल तर खांद्यावरही उलट केलेला तुकडा लगेच ओळखू येतो.

गळ्यातून दिसायला हवी ती मागची आतली बाजू फोटोत नसतेच, कारण तिथे मान असते. कुर्ती हाताशी असेल तर ती उलटी करून, तसाच प्रकाश ठेवून फक्त गळ्याचा फोटो काढावा आणि तो खालच्या लेअरमध्ये बसवावा. नसेल तर कापडाच्याच रंगाची, थोडी गडद, बुट्टे फिके असलेली वक्र पट्टी रंगवतात. छापील कापडाची उलटी बाजू सहसा फिकीच असते. या पट्टीवर लेबल रंगवण्याचा मोह टाळावा. गळ्याच्या पुढच्या कडेखाली अगदी पुसट सावली दिली नाही, तर मागची पट्टी पुढे चिकटवल्यासारखी वाटते.

फ्लॅट-ले करणे याहून अवघड आहे. ४० इंचांची कुर्ती टेबलावर पसरली की छातीपाशी २० इंच रुंद भरते. अंगावर तिचा पुढचा अर्धा भाग छातीला वळसा घालतो. छातीचा आडवा छेद लंबवर्तुळ मानला आणि त्याची रुंदी जाडीच्या दीडपट धरली, तर समोरून सुमारे १५ इंचच दिसतात. उरलेले पाच इंच कुठे हरवलेले नसतात, ते कडांजवळ दाटीने दबलेले असतात. म्हणून सगळे चित्र सरसकट आडवे ताणले तर मधले गोल बुट्टे लांबट होतात. मधला भाग तसाच ठेवून वॉर्पने कडांकडे वाढत जाणारा ताण द्यावा लागतो. त्यानंतरही कडेचे बुट्टे धूसर येतात, कारण मूळ फोटोत त्यांच्या वाट्याला पिक्सेलच थोडे आलेले असतात. कमरेवरच्या हातामुळे दुमडलेली बाही सरळ करताना कोपराच्या चुण्या नव्याने रंगवाव्या लागतात. घोस्ट मॅनिकिनमध्ये अंगाचा गोलावा राखायचाच असल्याने हा ताण टळतो. हातात एकच फोटो असेल तर तोच प्रकार निवडणे शहाणपणाचे.

हेच काम संगणकाकडून करवण्याचे प्रयत्नही जुने आहेत. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी अंगावरच्या फोटोवरून कपड्याचे ६४ × ६४ पिक्सेलचे चित्र तयार करणारी पद्धत मांडली. २०२४ मध्ये जर्मनीतील बीलेफेल्ड विद्यापीठातून 'ट्रायऑफडिफ' हे डिफ्यूजन-आधारित मॉडेल आले. ते 'व्हिटॉन-एचडी' या संग्रहावर शिकवले गेले. त्यात स्त्रियांच्या कमरेवरच्या कपड्यांच्या जोड्या आहेत, अंगावरचा फोटो आणि त्याच कपड्याचे सुटे चित्र अशा. शिकवण्याची सामग्री अशी असल्यावर घोळदार अनारकली किंवा नऊवारी साडी यांबाबत अशा मॉडेलवर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय ते न दिसणारा भाग अंदाजाने भरते, आणि हा अंदाज इतका नीटनेटका असतो की सहज पटतो. बटणे पाचाची सहा होतात, छापील अक्षरांचे अर्थहीन आकार होतात, बुट्ट्यांमधले अंतर बदलते.

तपासणीसाठी तयार चित्र मूळ फोटोवर अर्धपारदर्शक ठेवून बटणपट्टी आणि गळ्याची कड जुळते का ते पाहावे. मग बटणे मोजावीत आणि गळ्यापासून घेरापर्यंत एका उभ्या ओळीतले बुट्टे मोजावेत. पांढऱ्या पार्श्वभूमीचे लाल, हिरवे व निळे हे तिन्ही आकडे २५५ असावेत. २५० असले तरी बाजारपेठेच्या पांढऱ्या पानावर चित्राभोवती चौकट उमटते. पाठीचा भाग समोरच्या फोटोवरून बनवू नये, त्यासाठी पाठीचा वेगळा फोटो घ्यावा.