३०० की ४५? आवाजाच्या दोन चित्रांची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत आवाजाचं चित्र काढणारं यंत्र तयार झालं, साउंड स्पेक्ट्रोग्राफ. लष्कराला त्यात रस होता, म्हणून युद्ध संपेपर्यंत त्याची वाच्यता झाली नाही. १९४७ मध्ये पॉटर, कॉप आणि ग्रीन यांचं ‘व्हिजिबल स्पीच’ हे पुस्तक आलं.

जेमतेम २.४ सेकंदांचं बोलणं चुंबकीय फितीवर घ्यायचं आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवायचं. दर फेरीला फिल्टर थोडा वर सरकायचा आणि सुई ड्रमवरच्या कागदावर काळी रेघ उमटवायची. आडवा अक्ष काळाचा, उभा कंपनांचा. फिल्टर मात्र दोन होते. एक ३०० हर्ट्झ रुंद, दुसरा ४५. एकच का नाही?

पुरुषाचा आवाज १२० हर्ट्झचा धरा. त्याचे हार्मोनिक्स १२०, २४०, ३६० असे सारख्या अंतरावर असतात. अरुंद फिल्टरमध्ये एका वेळी एकच मावतो, म्हणून कागदावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा दिसतात. पण हा फिल्टर सुस्त असतो, सुमारे २० मिलिसेकंदांतलं सगळं एकत्र करतो. ‘प’ किंवा ‘ट’चा क्षणिक स्फोट त्यात पसरट होतो. रुंद फिल्टरमध्ये दोन-तीन हार्मोनिक्स एकदम शिरतात, त्यामुळे पायऱ्या पुसल्या जातात. उरतात ते जाड काळे पट्टे, म्हणजे फॉर्मंट, मुखपोकळीच्या आकाराने घुमणारे भाग. शिवाय तो इतका चपळ असतो की स्वरतंतूंचा प्रत्येक ठोका सुमारे ८ मिलिसेकंदांच्या अंतराने उभी रेघ होऊन दिसतो.

आता एकाच सुरात ‘आ’ म्हणून ‘ई’वर जा. रुंद चित्रात पहिला पट्टा ७०० च्या आसपासून ३०० कडे उतरतो, दुसरा ११०० वरून २३०० कडे चढतो. अरुंद चित्रात पायऱ्या जागच्या जागी राहतात, फक्त कुठली गडद हे बदलतं. उलट ‘आ’ तसाच धरून सूर चढवा. पायऱ्या वर सरकतात, दहावी पहिलीच्या दसपट. पट्टे जवळजवळ हलत नाहीत.

यंत्र कर्णबधिरांच्या वाचाशिक्षणासाठीही वापरायचं होतं, आणि खरी फसगत तिथेच होऊ शकते. लहान मुलाचा आवाज ३५० हर्ट्झचा असेल, तर ‘रुंद’ ३०० चा फिल्टरही त्याचे हार्मोनिक्स वेगळे करू लागतो. हार्मोनिकलाच फॉर्मंट समजून शिक्षक ‘जीभ खाली घे’ म्हणेल आणि मूल बिचारं उगाच धडपडेल. ओळखायचं कसं? पट्टे सारख्या अंतरावर असतील आणि सूर चढताच सगळे मिळून चढत असतील, तर ते फॉर्मंट नव्हेत. अशा आवाजाला ४५०-५०० हर्ट्झचा फिल्टर लावून पाहावा. सिग्नल्समध्ये काम केलेल्यांना ही देवाणघेवाण नवी नाही.

आज संगणकावर प्राट या मोफत प्रणालीत ‘Window length’ ०.००५ सेकंद ठेवली की सुमारे २६० हर्ट्झचं रुंद चित्र मिळतं, ०.०२९ केली की ४५ चं अरुंद. त्या मुलाच्या आवाजासाठी ०.००३ च्या आसपास ठेवा.