ईएएन-१३ बारकोड

ईएएन-१३ ही किरकोळ विक्रीच्या वस्तूंवर छापली जाणारी तेरा अंकी बारकोड पद्धती आहे. या रेषांमध्ये वस्तूचे नाव किंवा किंमत नसते. केवळ एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाची किंमत दुकानाच्या संगणकातील नोंदीतून शोधली जाते.

अंकांची रचना

नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक घेता येईल. आरंभीचा ८९० हा उपसर्ग क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेमार्फत दिला गेल्याचे दर्शवतो. वस्तू भारतात तयार झाल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. पुढील अंक कंपनी व वस्तू यांची ओळख देतात आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो.

रेषांची रचना

बारकोडची रुंदी ९५ समान एककांची असते. दोन्ही कडांना व मध्यभागी सीमारेषा असतात आणि त्यांच्यामध्ये डावीकडे सहा व उजवीकडे सहा अंक बसतात. प्रत्येक अंक सात एककांत, दोन काळ्या व दोन पांढऱ्या पट्ट्यांनी दर्शवला जातो.

तेरावा अंक, म्हणजे क्रमांकातील पहिला अंक, स्वतंत्र रेषांनी दर्शवलेला नसतो. डाव्या बाजूच्या अंकांसाठी दोन संच आहेत: 'अ' संचात काळ्या एककांची संख्या विषम, तर 'ब' संचात सम असते. कोणत्या स्थानी कोणता संच वापरला आहे, यावरून पहिला अंक ठरतो. वरील नमुन्यात ९०१२३४ हे अंक अ-ब-अ-ब-ब-अ या क्रमाने छापले जातात आणि या क्रमाचा अर्थ ८ असा होतो. सहाही अंक 'अ' संचातील असल्यास पहिला अंक ० असतो. त्यामुळे आधीपासून प्रचलित असलेला अमेरिकेतील बारा अंकी यूपीसी बारकोडही याच पद्धतीने वाचता येतो.

वाचन

लेसर स्कॅनर परावर्तित प्रकाशातील चढउतार मोजतो, तर कॅमेरा छायाचित्रातील पिक्सेलच्या ओळीत उजेड-काळोखाच्या सीमा शोधतो. दोन्हींमध्ये पट्ट्यांची प्रत्यक्ष रुंदी नव्हे, तर परस्पर प्रमाण महत्त्वाचे असते. म्हणून अंतर बदलले तरी वाचन होते. डावीकडील पहिला अंक नेहमी विषम आणि उजवीकडील सर्व अंक सम असल्याने उलटा धरलेला बारकोडही ओळखता येतो.

पडताळणी

पहिल्या बारा अंकांपैकी विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २८, तर सम स्थानांवरील अंकांची ३४ येते. दुसरी बेरीज तिप्पट करून पहिलीत मिळवल्यास २८ + १०२ = १३० मिळतात. पुढील दहाच्या पटीसाठी काहीही मिळवावे लागत नाही, म्हणून पडताळणी अंक ० आहे. यातील ७ हा अंक चुकून १ वाचला गेल्यास बेरीज ११२ होते व पडताळणी अंक ८ यायला हवा. छापील ० शी तो न जुळल्याने वाचन नाकारले जाते. एका अंकाची कोणतीही चूक अशी पकडली जाते. मात्र १ व ६ यांसारख्या, पाचाचा फरक असलेल्या शेजारच्या अंकांची अदलाबदल निसटते.

मर्यादा

छायाचित्र अस्पष्ट असल्यास सर्वांत अरुंद पट्ट्या एकमेकींत मिसळतात. चकाकीमुळे काळ्या पट्ट्या पुसट होतात, तर कडेची मोकळी जागा कापली गेल्यास आरंभ सापडत नाही. लाल प्रकाशाच्या स्कॅनरला पांढऱ्या कागदावरील लाल रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, कारण दोन्ही पृष्ठभाग लाल प्रकाश सारखाच परावर्तित करतात.