मंगळावरची हाक, खोडदचा कान

राहूजवळ शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. एका बाईंनी विचारले, "तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, असे आम्ही शिकवतो. मग आयाम नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात कसा?" उत्तरासाठी मला आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आठवले.

19 ऑक्टोबर 2016 रोजी 'स्कियापारेली' हे युरोपीय यान मंगळावर उतरत होते. त्याचा सुमारे 400 मेगाहर्ट्झ वारंवारतेचा क्षीण संदेश नारायणगावाजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने टिपला. मंगळ त्या दिवशी सुमारे 17 कोटी 60 लाख किलोमीटर दूर होता आणि प्रेषकाची शक्ती होती अवघी काही वॅट.

आता प्रेषकाभोवती 1 किलोमीटर त्रिज्येचा गोल कल्पा आणि त्याबाहेर 2 किलोमीटरचा. वाटेत काही शोषले जात नसेल, तर एका सेकंदात पहिल्यातून जाणारी ऊर्जा दुसऱ्यातूनही जाते. पण गोलाचे क्षेत्रफळ 4πr², म्हणजे दुसऱ्याचे चौपट. दर चौरस मीटरच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. प्रकाशाबाबत हा विचार केप्लरने 1604 मध्येच मांडला होता. आयामाचा प्रश्न मात्र त्याच्यापुढे नव्हता, कारण प्रकाश ही लहर आहे ही कल्पना अजून रुजायची होती.

पुढची पायरी दोरीवर दाखवता येते. त्याच वारंवारतेने, पण दुप्पट आयामाने दोरी हलवली, तर तिच्या प्रत्येक कणाचा वेग दुप्पट होतो आणि गतिज ऊर्जा चौपट. ऊर्जा आयामाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ऊर्जा चौथा हिस्सा उरली तर आयाम निम्मा उरतो. बाईंचे दोन्ही नियम एकच आहेत. फरक आपण काय मोजतो याचा.

हिशेबापुरती शक्ती 5 वॅट धरू आणि ती सर्व दिशांना सारखी पसरते असे मानू. मग 1 किलोमीटरवर विद्युतक्षेत्राचा आयाम दर मीटरला सुमारे 0.017 व्होल्ट येतो. त्याला 17 कोटी 60 लाखांनी भागले, की खोडदला उरतो दर मीटरला व्होल्टचा दहा अब्जावा भाग. भागाकार एकदाच करायचा. विद्यार्थी इथे हमखास वर्ग करून बसतात. ऊर्जेसाठी मात्र तो दोनदा करावा लागतो, आणि मग उरते ते जवळजवळ शून्यच वाटते. अँटेना लहरीच्या क्षेत्राला, म्हणजे आयामाला, प्रतिसाद देते. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांचे संदेश एकाच कलेत मिळवले, तर आयाम तीसपट होतो, पण प्रत्येकीचा वेगवेगळा गोंगाट सुमारे साडेपाचपटच वाढतो.

हा नियम प्रेषकाच्या अगदी लगत, तरंगलांबीच्या आतल्या अंतरात, लागू पडत नाही. तिथे क्षेत्र याहून झपाट्याने घटते. इथली तरंगलांबी पाऊण मीटर, तेव्हा मंगळाच्या बाबतीत ती चिंता नव्हती.

नियोजित वेळेच्या थोडे आधी तो संदेश एकाएकी थांबला. अंतरामुळे लहर अशी तुटत नाही, ती हळूहळू क्षीण होते. यान मंगळावर आदळले होते.