अनुदानाची यादी भरताना माउस बाजूला ठेवा, कीबोर्डवरच्या या बटणांनी तासभर वाचतो

अतिवृष्टीचं अनुदान असो की पीक नुकसानीची भरपाई, काम शेवटी एकाच ठिकाणी येऊन अडकतं. एका बाजूला एक्सेलची यादी आणि दुसऱ्या बाजूला वेबसाइटवरचा फॉर्म. मधे बसलेला ऑपरेटर यादीतलं नाव उचलून फॉर्ममध्ये टाकतो, मग खाते नंबर, मग आयएफएससी, मग आधार. बाहेर रांग लागलेली असते आणि आत माउस इकडून तिकडे फिरत असतो.

हिशेब करून बघा. समजा गावातले १८० शेतकरी आहेत आणि प्रत्येकाच्या चार गोष्टी भरायच्या आहेत. म्हणजे ७२० वेळा कॉपी आणि ७२० वेळा पेस्ट. माउसने राइट क्लिक करायचं, यादीतून कॉपी शोधायचं, खालच्या पट्टीवर जाऊन दुसरी विंडो उघडायची, परत राइट क्लिक करायचं. कीबोर्डने हेच केलं आणि दर वेळी फक्त पाच सेकंद वाचले, तरी ७२० वेळा पाच म्हणजे ३६०० सेकंद. बरोबर एक तास, आणि तोही एकाच गावाच्या यादीत.

दोन विंडोंमधली ये-जा

कॉपीसाठी `Ctrl + C` आणि पेस्टसाठी `Ctrl + V` हे बहुतेकांना माहीत असतं. वेळ खातो तो मधला प्रवास. त्यासाठी `Alt + Tab` आहे. Alt दाबून धरायचं, Tab एकदा दाबून सोडायचं, मग Alt सोडायचं. शेवटी वापरलेल्या दोन विंडोंमध्ये तुम्ही जाता-येता. यादी, फॉर्म, यादी, फॉर्म, असं.

यात एक भानगड होते. मधेच कुणीतरी फोटो पाठवला म्हणून तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप उघडलंत, की शेवटच्या दोन विंडो बदलल्या. आता `Alt + Tab` दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप समोर येतं आणि माणूस गोंधळतो. अशा वेळी Alt धरूनच ठेवायचं आणि हवी ती विंडो येईपर्यंत Tab पुन्हा पुन्हा दाबायचं. एकदा यादी आणि फॉर्म लागोपाठ उघडले की जोडी परत जुळते.

यादी आणि फॉर्म एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये असतील तर `Ctrl + Tab` ने पुढच्या टॅबवर जाता येतं. आणि स्क्रीन बऱ्यापैकी मोठी असेल तर विंडोजचं बटण धरून डावा बाण दाबा, यादी डाव्या अर्ध्या भागात बसते. फॉर्मवर जाऊन विंडोजचं बटण आणि उजवा बाण. दोन्ही समोर दिसत असले की नजरेनं ताळा करता येतो. माझ्या मते खाते नंबरच्या कामाला हीच मांडणी बरी.

फॉर्ममध्ये एका रकान्यातून पुढच्यात जायला Tab, आणि मागच्यात यायला `Shift + Tab`. रकान्यात आधीचं काही भरलेलं असेल तर कर्सर आत ठेवून `Ctrl + A` दाबा. जुना मजकूर निवडला जातो आणि `Ctrl + V` केलं की त्याच्या जागी नवा बसतो. हे केलं नाही तर जुन्या नंबराला नवा चिकटतो.

आकडा दिसतो एक, जातो दुसरा

सगळ्यात जास्त घात होतो तो इथं. एक्सेलच्या साध्या खान्यात ११ अंकांपर्यंतचा आकडा जसाच्या तसा दिसतो. आधार १२ अंकी. म्हणून खान्यात 123456789012 टाकलं की दिसतं ते 1.23457E+11. आतला आकडा शाबूत असतो, पण त्या खान्यावर `Ctrl + C` करून फॉर्ममध्ये पेस्ट केलं, तर जे दिसतं तेच जातं, म्हणजे 1.23457E+11. फॉर्मने ते नाकारलं तर बरंच, कारण चूक तिथंच कळते.

उपाय सोपा आहे. खान्यावर जाऊन F2 दाबा. खाना उघडतो, पूर्ण आकडा दिसतो आणि कर्सर शेवटी असतो. मग `Shift + Home` दाबलं की कर्सरपासून सुरुवातीपर्यंत सगळं निवडलं जातं. आता `Ctrl + C`, मग Esc, मग `Alt + Tab`. हा क्रम दहा-वीस ओळींत बोटांवर बसतो.

खाते नंबरचं दुखणं मात्र F2 ने बरं होत नाही. एक्सेल आकड्याचे फक्त पहिले १५ अंक सांभाळतं. काही बँकांचे खाते नंबर १६ अंकी असतात. साध्या खान्यात 1234567890123456 टाइप केलं की शेवटचा ६ जाऊन तिथं शून्य येतं, 1234567890123450. हा आकडा दिसायला एकदम बरोबर, अंकही १६, पण खातं दुसऱ्याचं किंवा कुणाचंच नाही. तसंच नंबर शून्यानं सुरू होत असेल तर एक्सेल पुढचं शून्य खाऊन टाकतं. एकदा गेलेला अंक परत येत नाही, पासबुक बघूनच भरावा लागतो.

म्हणून यादी तयार करणाऱ्यानेच आधी काळजी घ्यायची. रकाम्या रकान्यातल्या एखाद्या खान्यावर जाऊन `Ctrl + Space` दाबलं की तो अख्खा रकाना निवडला जातो. मग `Ctrl + 1` दाबून समोर येणाऱ्या चौकटीत Text निवडायचं, आणि त्यानंतरच नंबर भरायला घ्यायचे. आधी नंबर भरून मग Text केलं तर गेलेले अंक गेलेच. तयार यादी हातात आली असेल तर १६ अंकी नंबरांचा शेवट बघा. सगळेच शून्याने संपत असतील तर यादी बिघडलेली आहे, आणि ती तशीच परत पाठवलेली चांगली.

आयएफएससी कोडला एक खूण आहे. तो ११ अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी कायम शून्य असतं. कुणी तिथं इंग्रजी ओ टाइप केला असेल तर कॉपी-पेस्टने ती चूक जशीच्या तशी पुढे जाते.

काही वेबसाइटवर खाते नंबर दुसऱ्यांदा भरायचा रकाना पेस्ट घेत नाही. ते मुद्दाम केलेलं असतं. तिथं पासबुक बघून हातानेच टाइप करा, कारण पहिल्या रकान्यातली चूक पकडायची ती एकच संधी असते.

नाव शोधताना सापडत का नाही

खिडकीवर माणूस येतो, "माझं नाव यादीत आहे का बघा." १८० ओळी खाली-वर करण्यापेक्षा `Ctrl + F` दाबा, नाव टाका, Enter. परत Enter केलं की त्या नावाची पुढची ओळ. Esc ने चौकट बंद होते. ही युक्ती एक्सेल, वर्ड, ब्राउझर आणि पीडीएफ सगळीकडे चालते. पण गावात पन्नास पाटील असतात. त्यामुळे आडनाव टाकून शोधण्यापेक्षा मोबाइल नंबर किंवा खात्याचे शेवटचे चार अंक टाकले तर माणूस लवकर सापडतो.

कधी नाव डोळ्यासमोर दिसत असतं आणि कॉम्प्युटर म्हणतो सापडलं नाही. तिथं बहुतेक वेळा दोन कारणं असतात. पीडीएफ असेल तर ती स्कॅन केलेली, म्हणजे कागदाचा फोटो असू शकते. ओळीवर माउस ओढून बघा, अक्षरं एकेक करून निवडली जात नसतील तर तो फोटो आहे आणि `Ctrl + F` तिथं काहीच करू शकत नाही.

दुसरं कारण फॉन्टचं. जुन्या याद्या कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. त्यात आपल्याला "राम" दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात jke अशी इंग्रजी अक्षरं असतात. तुम्ही युनिकोडमध्ये राम शोधलंत तर तो सापडणार कसा? आणि हे नाव फॉर्ममध्ये पेस्ट केलं की तिथंही jke च उमटतं. ओळखायची खूण अशी, खान्यावर क्लिक करून वर फॉन्टचं नाव बघा. कृतीदेव किंवा तसलं काही असेल, आणि फॉन्ट बदलून एरियल केल्यावर नावाचा इंग्रजी कचरा झाला, तर यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल. फॉन्ट बदलून बघितल्यावर `Ctrl + Z` करून मागे या. यादी युनिकोडमध्ये बदलली की रफार आणि जोडाक्षरं असलेली नावं एकदा डोळ्याखालून घाला, गडबड तिथंच होते.

यादी पूर्ण आहे का, तेही कळतं

अख्खा रकाना उचलायचा असेल तर पहिल्या नावावर जाऊन `Ctrl + Shift` धरून खालचा बाण दाबा. खालपर्यंत सगळं निवडलं जातं, पण मधे एखादा खाना रिकामा असेल तर तिथंच थांबतं. म्हणून निवडल्यावर एक्सेलच्या खालच्या पट्टीवर Count बघायची सवय लावा. १८० यायला हवे तिथं ९७ दिसत असतील तर ९८ व्या शेतकऱ्याचा खाना रिकामा आहे. हे न बघता कॉपी केलं तर उरलेले ८३ जण यादीबाहेर राहतात, आणि ते कळतं पैसे जमा झाले नाहीत तेव्हा.

एका शेतकऱ्याच्या चारही गोष्टी एका फेरीत न्यायच्या असतील तर विंडोज १० आणि ११ मध्ये सोय आहे. विंडोजचं बटण धरून V दाबा. पहिल्यांदा Turn on असं विचारतं, ते दाबा. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथं जमा होत राहतात. यादीत चार वेळा `Ctrl + C`, मग एकदाच `Alt + Tab`, आणि फॉर्मच्या प्रत्येक रकान्यात विंडोज आणि V दाबून बाणाने हवं ते निवडून Enter. चार फेऱ्यांच्या जागी एक फेरी. पण नंबर सारखेच दिसत असतील तर घाईत भलताच निवडला जाऊ शकतो, म्हणून पेस्ट झाल्यावर शेवटचे चार अंक मोठ्याने वाचा. खिडकीबाहेरच्या माणसानेही पासबुक हातात धरून तेवढं विचारून घ्यावं, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही.

या सोयीची दुसरी बाजू म्हणजे लोकांचे आधार आणि खाते नंबर तिथं साठून राहतात. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला की ते पुसले जातात, पण पिन करून ठेवलेले तसेच राहतात. केंद्रात एकाच कॉम्प्युटरवर दोघं-तिघं बसत असतील तर उठताना विंडोज आणि V दाबून Clear all करा, पिन केलेलं काही उरलं असेल तर तेही काढा. चहाला पाच मिनिटं जायचं असेल तर विंडोजचं बटण आणि L, स्क्रीन कुलूपबंद होते. परत येऊन पासवर्ड टाकला की फॉर्म आणि यादी होती तिथंच असतात. वेबसाइटने मधल्या वेळात बाहेर काढलं असेल तर मात्र पुन्हा लॉगिन करून शेवटची भरलेली ओळ सेव्ह झाली का ते आधी बघा, नाहीतर तोच शेतकरी दोनदा भरला जातो.