प्रस्तावना : सपाट रेषेत काय वाचावे

लोहाऱ्यातल्या माणसाच्या खिशातला मोबाइल असो वा मुंबईतल्या, त्याच्या बॅटरीत तांब्याच्या पातळ पत्र्यावर बहुधा ग्रॅफाइटचा थर असतो. चार्ज करताना लिथियमचे आयन या ग्रॅफाइटच्या कार्बन-पापुद्र्यांमध्ये शिरतात, पण वाटेल तिथे नाही. आधी काही ठरावीक फटी भरतात आणि मधल्या रिकाम्या राहतात. दोन भरलेल्या फटींमध्ये जितके पापुद्रे, तितक्या क्रमांकाचा तो टप्पा. दुसऱ्या टप्प्यात एकाआड एक फट भरते आणि LiC₁₂ तयार होते. पहिल्या टप्प्यात प्रत्येक फट भरून LiC₆ होते.

हे डोळ्यांनाही दिसते. LiC₁₂ तांबूस, तर LiC₆ सोनेरी असते.

वाचकांनी सुरुवात व्होल्टेजच्या आलेखापासून करावी. लिथियम धातूच्या तुलनेत मोजले, तर LiC₁₂ चे LiC₆ होईपर्यंत रेषा सुमारे ०.०८५ व्होल्टवर जवळजवळ आडवी राहते. लिथियम तर शिरतेच आहे, मग व्होल्टेज का हलत नाही? बर्फ आणि पाणी एकत्र असताना उष्णता दिली, तरी तापमान शून्य अंशांवरच राहते. फक्त बर्फ कमी होतो. इथेही दोन प्रावस्था शेजारी नांदतात. दोन्हींत लिथियमची रासायनिक विभव-पातळी सारखी असते आणि व्होल्टेज तीच मोजते. नव्याने आलेले लिथियम फक्त त्यांचे प्रमाण बदलते.

एक उदाहरण स्वतः करून पाहा. एक ग्रॅम ग्रॅफाइट पूर्ण भरायला ३७२ मिलिअँपिअर-तास लागतात, LiC₁₂ पर्यंत त्याचे निम्मे, म्हणजे १८६. तुम्ही २७९ वर थांबलात, तर आतला निम्मा कार्बन LiC₁₂ मध्ये आणि निम्मा LiC₆ मध्ये असेल. रंग सरमिसळ होऊन नारिंगी होत नाही. तांबूस आणि सोनेरी भाग वेगवेगळे दिसतात. क्ष-किरण विवर्तनातही दोन शिखरे आपापल्या जागीच राहतात, एक खुजे होते, दुसरे वाढते. एकच शिखर हळूहळू सरकत असेल, तर तिथे एकच प्रावस्था आहे आणि आलेखही उतरता असतो.

मात्र हे वाचन मंद प्रवाहावरच विश्वासाचे. पूर्ण भरायला वीसेक तास लागावेत इतका प्रवाह ठेवा. घाई केली, की कणाच्या कडेला LiC₆ होते, गाभा मागे राहतो, पठार खाली सरकून तिरके होते. थंडीत किंवा जोराच्या चार्जिंगमध्ये ते शून्याखाली गेले, तर लिथियम फटीत न जाता पृष्ठभागावर धातू होऊन साचू शकते. हे ओळखायचे असेल, तर प्रवाह थांबवून व्होल्टेज पाहत राहा. शून्याजवळ रेषा थोडा वेळ आडवी रेंगाळली, तर साचलेला धातू अजून ग्रॅफाइटमध्ये परत शिरतो आहे, असे समजावे.

लोहारा, जि. यवतमाळ