उशिरा चढणाऱ्या विषाची कुळकथा

मृगाचा पाऊस झाला की कंधारच्या शिवारात बांधावर, उकिरड्याच्या कडेला, बाभळीखाली छत्र्या उगवतात. त्यातल्या बहुतेकांना आपल्याकडे सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून पायाने उडवून दिलं जातं. वारुळावर येणारी अळंबी मात्र जाणकार माणूस हुडकून आणतो आणि तिचं कालवण होतं. एखादी नवी छत्री खाण्याजोगी आहे की नाही, हे ठरवण्याची लोकांची पद्धत साधी असते. कुणीतरी खाल्ली, रात्र सुखात गेली, सकाळी माणूस धडधाकट उठला, म्हणजे पचली. बहुतेक अन्नाच्या बाबतीत हा हिशेब चुकत नाही. पण छत्र्यांमध्ये विषाचं एक घराणं असं आहे की त्याने रात्र सुखात जाऊ देणं हेच त्याचं लक्षण. त्याचं नाव अमाटॉक्सिन. ते उशिरा का चढतं, हे कळायला विज्ञानाला बराच काळ लागला, आणि वाटेत एकदा भलतंच विष आरोपी म्हणून पकडलं गेलं.

या विषाच्या बळीचं एक जुनं उदाहरण म्हणून पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स याचं नाव घेतलं जातं. 1740 च्या ऑक्टोबरात त्याने अळंबी खाल्ली, आजारी पडला आणि दहा-एक दिवसांनी, 20 ऑक्टोबरला व्हिएन्नात वारला. त्याच्या पोटातलं विष कुणी तपासलं नाही, त्यामुळे खात्रीचा पुरावा नाही. पण हे दहा दिवस बोलके आहेत. साधं सडकं अन्न माणसाला असं रेंगाळत मारत नाही. युरोपातल्या वैद्यांना ही चाल माहीत होती. अमानिटा फॅलॉइडिस या हिरवट टोपीच्या अळंबीने माणसं मरतात हेही माहीत होतं. अडत होतं ते नेमका पदार्थ वेगळा काढण्यावर.

ते काम म्युनिकला हाइनरिख वीलंड यांच्या प्रयोगशाळेत झालं. वीलंड यांना पित्तातल्या आम्लांवरच्या कामासाठी 1927 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं होतं. त्यांचा विद्यार्थी फेओडोर लीनेन याने याच अळंबीच्या विषावर प्रबंध लिहून 1937 साली डॉक्टरेट घेतली. त्याच वर्षी त्याने गुरूच्या मुलीशी, एवाशी, लग्न केलं. पुढे 1964 साली त्यालाही नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी. लीनेन आणि उल्रिख वीलंड यांनी अळंबीच्या अर्कातून एक विष स्फटिकरूपात मिळवलं. त्याचं नाव फॅलॉइडिन. उंदराला टोचलं की काही तासांत उंदीर मरायचा आणि त्याचं यकृत रक्ताने तटतटलेलं निघायचं. यकृताचा घात करणारं विष हाती लागलं होतं, ते अळंबीतूनच निघालं होतं. खटला संपल्यासारखाच होता.

पण घड्याळ जुळत नव्हतं. अळंबी खाल्लेला माणूस काही तासांत मरत नाही. तो आठ-दहा तास नुसता बरा असतो आणि मरतो तो आठवड्याने. मग हाइनरिख वीलंड आणि रुडोल्फ हालरमायर यांनी 1941 मध्ये त्याच अळंबीतून दुसरं विष स्फटिकरूपात काढलं, ते अमानिटिन. हे टोचलेला उंदीर लगेच मरत नसे, त्याला दिवस लागत. मात्राही फॅलॉइडिनपेक्षा बरीच कमी पुरे. खरा आरोपी हा होता. फॅलॉइडिन टोचल्यावर जहाल असलं, तरी तोंडाने घेतलं तर आतड्यातून रक्तात फारसं उतरतच नाही. त्यामुळे जेवणातून झालेल्या विषबाधेत त्याला जवळपास निर्दोष धरावं लागतं. मला या कथेतला हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो, कारण इथे आरोपी ओळखला गेला तो त्याच्या जहालपणावरून नव्हे, तर त्याच्या संथपणावरून.

संथपणाचं कारण मात्र अजून गुलदस्त्यातच होतं. ते उलगडलं इटलीत, बोलोन्याला. लुइजी फ्यूमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 च्या सुमारास अमानिटिन दिलेल्या उंदरांच्या यकृतपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशीचा बाहेरचा भाग अजून ठीक दिसत असताना केंद्रकात मोडतोड सुरू झालेली होती. पुढच्याच वर्षी फ्यूमे आणि फिओरेन्झो स्तिर्पे यांनी दाखवलं की केंद्रकात आरएनए तयार होणं मंदावलं आहे. 1970 पर्यंत नेमकी जागाही सापडली. डीएनएवरच्या मजकुराची नक्कल करून निरोप्या आरएनए बनवणारं जे यंत्र, आरएनए पॉलिमरेज दोन, त्याला अमानिटिन जाऊन चिकटतं. पुढे 2002 मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने चिकटलेल्या अवस्थेतलं त्याचं क्ष-किरण चित्रच मिळवलं. यंत्राचा जो भाग प्रत्येक अक्षरागणिक पुढे सरकायला हवा, तो या विषाने जखडलेला असतो. यंत्र तुटत नाही, पण मिनिटाला हजारो अक्षरं जोडणारं ते मिनिटाला मोजकीच जोडू लागतं.

इथे उशिराचं कोडं सुटतं. आम्ल पोटात गेलं तर ते असलेल्या वस्तूची नासधूस करतं. अमानिटिन असलेलं काही थेट मोडत नाही, ते फक्त नवं होऊ देत नाही. गावची पिठाची गिरणी बंद पडली तरी त्याच संध्याकाळी कुणाच्या घरी भाकरी थांबत नाही, डब्यात पीठ असतं तोवर चूल चालते. पेशीतही आधी बनलेले निरोपे आणि आधी बनलेली प्रथिनं शिल्लक असतात. ती संपेपर्यंत पेशी जिवंत आणि कामसू दिसते, आणि तिचा मालकही.

साठा कुणाचा आधी संपतो, यावर लक्षणांचा क्रम ठरतो. समजा, कंधार तालुक्यातल्या एका घरी शनिवारी रात्री आठला असं कालवण खाल्लं गेलं. रात्र शांत जाते. रविवारी सकाळी, बारा तासांनी, एकदम पोटात कळा, उलट्या आणि भाताच्या पेजेसारखे जुलाब सुरू होतात. आतड्याचं अस्तर सतत नव्याने बनत असतं, त्याचा साठा तुटपुंजा, म्हणून पहिला फटका तिथे. पावसाळ्याचे दिवस असल्याने घरचे आणि डॉक्टर दोघंही हगवण समजतात. शनिवारच्या जेवणाची आठवणही कुणी काढत नाही, कारण मध्ये चहा झाला, न्याहारी झाली. सलाइन लागतं. सोमवारी जुलाब थांबतात, रोगी उठून बसतो, घरी जायचं म्हणतो.

हा सोमवार सगळ्यात फसवा. सलाइनने पाण्याची तूट भरली एवढंच झालेलं असतं. यकृताकडे जाणारं बहुतेक रक्त थेट आतड्यातून येतं, त्यामुळे विष आधी तिथेच पोचलेलं असतं. यकृतपेशीच्या भिंतीवर पित्तक्षार आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. अमानिटिन त्यांच्याच हातून आत शिरतं. आत गेलेल्यातलं काही पित्तातून पुन्हा आतड्यात उतरतं, तिथून पुन्हा शोषलं जातं आणि पुन्हा यकृतात येतं. एकच घोट असा अनेकदा प्यायला जातो. सोमवारी रक्त तपासलं तर एसजीपीटी आणि एसजीओटी चढू लागलेले दिसतात. मंगळवारी डोळे पिवळे होतात. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतच बनवतं. त्यातलं सातव्या क्रमांकाचं काही तासांतच निम्म्यावर येतं, म्हणून गोठण्याची तपासणी, पीटी-आयएनआर, लवकर बिघडते आणि पेशंट कुठे चालला आहे हे एसजीपीटीपेक्षा नीट सांगते. बुधवार-गुरुवारपर्यंत बडबड, सुस्ती, मूत्रपिंडं थकणं. मृत्यू येतो तो बहुतेकदा सहाव्या दिवसानंतर.

मात्रा किती लागते? किलोमागे साधारण 0.1 मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला पाच मिलिग्रॅम घातक ठरू शकतं, आणि अमानिटा फॅलॉइडिसच्या एका भरल्या छत्रीत तेवढं असू शकतं. उकळून, तळून, वाळवून हे विष मोडत नाही. आठ अमिनो आम्लांचं ते एक बंदिस्त कडं आहे, मधून आणखी एक आडवा सांधा. जठरातलं आम्लही त्याला उलगडू शकत नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का ते पाहणं, तांदूळ टाकून रंग पाहणं, किड्याने खाल्लेली असेल तर चांगली म्हणणं, यातली एकही परीक्षा या विषाला लागू पडत नाही.

उतारा असा नाही. वारंवार दिलेला औषधी कोळसा आतड्यातला फेरा तोडायला मदत करतो. भरपूर सलाइन हवं, कारण विष लघवीवाटे बाहेर पडतं. एन-ॲसिटिलसिस्टिन आणि मोठ्या मात्रेतलं पेनिसिलिन देतात. दुधी काट्याच्या झाडापासून मिळणारं सिलिबिनिन वाहक प्रथिनांची वाट अडवतं, पण त्याचं इंजेक्शन सगळीकडे नसतं. यकृत पुरतं गेलं तर प्रत्यारोपण उरतं. कंधारच्या माणसाला आधी नांदेडचं विष्णुपुरीतलं शासकीय रुग्णालय गाठायचं असतं आणि त्यापुढची वाट मोठ्या शहरांची. म्हणून रविवार आणि सोमवार यांत निदान झालं की नाही, यावर बरंच काही ठरतं.

हे सगळं परदेशातलं, असं मानायचं कारण नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये अपर आसामात रानटी अळंबी खाऊन तेरा माणसं दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात दगावली. त्यांतली बहुतेक चहामळ्यांतली होती. आता कंधारकडे पाहू. अमानिटाच्या प्राणघातक जाती ओक, पाइन, साल अशा झाडांच्या मुळांशी जोडीने जगतात. बाभूळ, लिंब, साग यांच्याशी ती सोयरीक जमत नाही, त्यामुळे त्या इथल्या बांधावर भेटणं अवघड. पण अमाटॉक्सिन केवळ अमानिटाची मिरास नाही. लेपिओटा वंशातल्या काही बुटक्या, टोपीवर तपकिरी खवले असलेल्या छत्र्याही ते बनवतात. त्यांना झाडाच्या मुळाची गरज नसते, कुजलेला पाला आणि गवत पुरतं. अंगाने त्या इतक्या साध्या की नजर तिथे थबकत नाही. वारुळावरच्या अळंबीचा दांडा मात्र जमिनीत लांब मुळासारखा थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेला असतो. वरून खुडून आणली तर ही खूण शेतातच राहते.

डॉक्टर एक ठोकताळा वापरतात. खाल्ल्यापासून दोन-तीन तासांत उलटी झाली तर बहुधा जिवावरचं नाही, सहा तासांनंतर सुरू झाली तर अमाटॉक्सिन समजून चाला. हिरवट बीजाणूंची मोठी पांढरी छत्री, क्लोरोफिलम, गवताळ जागी उगवते आणि तासा-दोन तासांत पोट उपसून काढते, पण सहसा मारत नाही. तिच्या बाबतीत हा ठोकताळा चोख बसतो. तो चुकतो टोपलीत दोन जाती मिसळल्या असतील तर. तेव्हा क्लोरोफिलमची उलटी रात्री दहालाच होते, डॉक्टर लवकर आलेली उलटी म्हणून निर्धास्त होतात, आणि त्याच ताटातल्या लेपिओटाचं घड्याळ मागे चालूच राहतं. त्यामुळे किती वाजता खाल्लं, यासोबत आणखी काय काय खाल्लं, हेही विचारावं लागतं, आणि घरी उरलेलं कालवण, खुडलेल्या देठांचा कचरा, उकिरड्यावर टाकलेल्या टोप्या कागदात गुंडाळून पेशंटबरोबर न्याव्या लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या नांदेडला पोचेपर्यंत सडून ओळखू येईनाशा होतात.