शेवटचा खडा

जयपूरजवळच्या चौमूंत ओळखीच्या एका घरी उतरलो होतो. संध्याकाळी घरातल्या लहान मुलाने ओट्यावर २० खडे मांडले. आळीपाळीने एक, दोन किंवा तीन खडे उचलायचे. शेवटचा उचलेल तो जिंकला. “पहले आप,” तो अदबीने म्हणाला. सलग चार डाव हरल्यावर मला त्या अदबीचा अर्थ कळला.

रात्री हिशेब शेवटाकडून मांडला. चार खडे उरले असताना ज्याची पाळी, तो हरला. कारण तो कितीही घेवो, उरलेले समोरचा एका हाताने उचलतो. पाच, सहा किंवा सात असतील तर समोरच्याला चारावर आणता येते. म्हणून आठ ही पुन्हा हरायची जागा. तसेच १२, १६ आणि २०. खड्याला हात लावण्याआधीच मी हरलो होतो.

ही युक्ती जुनी आहे. फ्रेंच गणिती बाशे याने १६१२ मध्ये छापलेल्या कोड्यांच्या पुस्तकात ती चढत्या अंगाने येते. दोघांनी आळीपाळीने १ ते १० मधला आकडा मिळवत जायचे, शंभर गाठेल तो जिंकला. शंभरावरून अकरा-अकराने मागे या: ८९, ७८, करत करत १२ आणि १. पहिल्याने १ म्हणावे, की डाव त्याचा.

खड्यांचे ढीग अनेक असले आणि एका वेळी एकाच ढिगातून हवे तितके उचलता आले, तर मात्र मागे येणे अवघड होते. दोन सारखे ढीग ही हरायची जागा, हे दिसते; समोरच्याची नक्कल केली की पुरे. एक, दोन, तीन हे ढीगही तसेच निघतात. पण पुढे यादी नुसती वाढत जाते, तिचा पाढा सापडत नाही.

तो १९०१ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स बाउटन यांनी दिला. खेळाला ‘निम’ हे नावही त्यांचेच. प्रत्येक ढीग १, २, ४, ८ अशा तुकड्यांत फोडायचा. प्रत्येक मापाचे तुकडे सम संख्येत असतील, तर ज्याची पाळी तो हरणार. कारण त्याची कुठलीही चाल ही जुळणी मोडते आणि समोरच्याला ती पुन्हा जुळवता येते.

सकाळी मी तीन, चार आणि पाच खड्यांचे ढीग मांडले. तीन म्हणजे २ आणि १, चार म्हणजे ४, पाच म्हणजे ४ आणि १. चौके दोन, एकके दोन. दुक्कल तेवढी एकटी. तिच्या ढिगातले दोन खडे मी उचलले. उरले एक, चार, पाच.

तो हरला, पुन्हा हरला. मग म्हणाला, आता शेवटचा उचलेल तो हारेल! त्यालाही बाउटनचे उत्तर आहे. सगळे तसेच खेळायचे. फक्त आपल्या चालीनंतर एकेका खड्याचेच ढीग उरणार असतील, तर ते विषम संख्येत ठेवायचे. मी नेहमीच्या सवयीने दोन ठेवले, आणि हरलो.